ओलावा किती?

आमच्या घरी बाथरूमच्या दाराशी एक वजनकाटा आहे. काचेचा, चौकोनी, पायाला गार लागणारा. त्याच्यावर उभं राहिलं की आकडा थोडा वर जातो, थोडा खाली येतो, जणू गिऱ्हाईक बघून भाव ठरवतोय, आणि मग दोनतीनदा डोळे मिचकावून स्थिर होतो. तेवढा वेळ मी श्वास रोखून उभा असतो. श्वास रोखल्याने वजन कमी भरत नाही हे मला कळतं. पण निकाल लागताना मोकळा श्वास कोण घेतं?

जुन्या तराजूच्या दांडीवर मधोमध सुई असायची, तिच्यावरून या वस्तूला काटा म्हणू लागले असावेत. आता सुई गेली आणि हिरवे आकडे आले, पण नाव राहिलं आणि रुतण्याचा गुणही राहिला. माझ्या पायात तो रुतला गेल्या वर्षी पितृपक्षात, म्हणजे मी जिमला नाव घातलं तेव्हा.

पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये म्हणतात. पण वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी बुटाची नाडी बांधताना दम लागायला लागला की माणूस पंचांग बघत नाही. शिवाय त्या पंधरवड्यात जिमवाले फीमध्ये सवलत देत होते. पहिल्या दिवशी ट्रेनरने माझी उंची घेतली, वजन घेतलं आणि खिशातून टेप काढून बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती फिरवली. पोरगा पंचविशीचा असेल. "काका, पोट आत घेऊ नका," तो म्हणाला. मी घेतलं नव्हतं असं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पोट आपोआप बाहेर आलं. त्याने एका पिवळ्या कार्डावर लिहिलं: वजन 81.6 किलो, कंबर 98 सेंटीमीटर. यातला पहिला आकडा मी पाठ केला आणि दुसरा जिमच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरलो. पुढच्या दोन महिन्यांचा सगळा घोटाळा त्या विसरण्यातून झाला.

घरी येऊन मी भात, पोळी, भाकरी, साखर सगळं एका झटक्यात बंद केलं. कोशिंबीर, ताक, उकडलेली अंडी आणि वाफवलेल्या भाज्या. शनिवारी सकाळी काट्यावर उभा राहिलो तर 79.8! पाच दिवसांत एक किलो आठशे ग्रॅम. मी तो आकडा बायकोला सांगितला, मुलीला फोन करून सांगितला आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना त्यांनी विचारलेलं नसताना सांगितला. दिवाळीपर्यंत पंधरा किलो, असं गणितही मांडून टाकलं.

रविवारी आमच्याकडे नवरात्रातला कुळधर्म होता. कुळधर्म म्हणजे पुरण आलंच. कटाची आमटी आली, कुरडया-पापड आले, भजी आली. मी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या. बायको सात म्हणते, पण मोजणाऱ्याने मोजण्यापेक्षा वाढण्याकडे लक्ष द्यावं. सोमवारी सकाळी काट्याने 82.0 दाखवले. पाच दिवसांच्या तपश्चर्येत जेवढं गेलं होतं, ते एका पंगतीत व्याजासकट परत आलं होतं.

मी त्या दिवशी जिमला गेलो ते सुतकी चेहऱ्याने. ट्रेनरने विचारलं, मी सांगितलं. तो हसला नाही, एवढं त्याचं सौजन्य. त्याने मला तिथल्या काट्यावर उभं केलं आणि आकडा बघितला. मग पाण्याची लीटरभराची बाटली हातात दिली आणि म्हणाला, "सगळी प्या." मी प्यालो. "आता परत उभे राहा." आकडा बरोबर एक किलोने वाढला होता.

"बघा काका," तो म्हणाला, "दोन मिनिटांत एक किलो. ही काय चरबी वाढली का?"

हे कोणाही शाळकरी पोराला कळेल. पण मला ते पन्नाशीला टेकल्यावर, पोटात लीटरभर पाणी डुचमळत असताना कळलं. काटा फक्त बेरीज सांगतो. हाडं, मांस, चरबी, रक्त, कालची भाजी, आत्ताचं पाणी, सगळं एका पोत्यात भरून तो एकच आकडा देतो. आमचा रद्दीवाला याच्याहून शहाणा. तो वर्तमानपत्र वेगळं काढतो, पुठ्ठा वेगळा, पितळ वेगळं, आणि प्रत्येकाचा भाव वेगळा लावतो. काट्याला माझ्यातलं पितळ आणि पुठ्ठा सारखाच.

त्या संध्याकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठवलेल्या असतात. म्हणजे एका रविवारात दोन किलो चरबी चढवायची तर रोजच्या गरजेच्या वर आणखी 15,400 कॅलरी खायला हव्यात. तुपासकट एक पुरणपोळी तीनशे कॅलरींची धरली तर या झाल्या 51 पोळ्या. माझं पाच आणि बायकोचं सात यांच्यात वाद असेल, पण एक्कावन्नचा आरोप तीसुद्धा करत नाही. तेव्हा सोमवारी जे वाढलं ती चरबी नव्हती, हे गणिताने सिद्ध झालं. मला हायसं वाटलं. आणि मग लगेच दुसरा विचार आला, तो मात्र तितकासा सुखाचा नव्हता. हेच गणित उलटं लावलं तर? पाच दिवसांत 1.8 किलो चरबी जायला रोज अडीच हजारांहून जास्त कॅलरींची तूट लागते. माझ्यासारख्या खुर्चीत बसून काम करणाऱ्याला दिवसाला लागतातच जेमतेम तेवढ्या. मी अंडी आणि ताक घेत होतो, हवा खात नव्हतो. म्हणजे लिफ्टमध्ये काकूंना जे सांगितलं, तीही चरबी नव्हती.

मग काय होतं ते? ते होतं भाताचं गोदाम. आपण भात-पोळी खातो त्यातली साखर शरीर लगेच वापरत नाही. काही भाग ग्लायकोजेन नावाच्या रूपात बांधून ठेवतं, यकृतात सुमारे शंभर ग्रॅम आणि स्नायूंमध्ये चारेकशे. सगळं मिळून अर्धा किलो. पण हा माल कोरडा ठेवता येत नाही. एका ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. म्हणजे भरलेलं गोदाम दोन किलोंचं. भात-पोळी बंद केली की शरीर आधी या गोदामाला हात घालतं आणि गोदाम रिकामं होताना बरोबरचं पाणीही वाहून जातं. मी पाच दिवसांत मुख्यतः पाणी सांडलं होतं. रविवारी पुरणाने गोदाम पुन्हा भरलं, पापड-भज्यांतल्या मिठाने आणखी थोडं पाणी अडवून ठेवलं, आणि पंगतीचा बराचसा ऐवज सोमवारी सकाळी अजून आतड्यांत मुक्कामाला होता. महिन्यात अमुक किलो उतरवून देतो म्हणणाऱ्या बहुतेक आहारांचा पहिला आठवडा असाच झगमगीत असतो. जिभेला कष्ट पडलेले असतात, त्यामुळे आपल्यालाही ते खरं वाटतं.

बायकोला हे सगळं उत्साहाने समजावून सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. "मला दर महिन्याला पाळीच्या आधी दीड किलो वाढतं आणि नंतर जातं," ती म्हणाली. "मी कधी लिफ्टमध्ये सांगितलं का?"

दुसऱ्या आठवड्यापासून मी भात-पोळी परत सुरू केली, फक्त एक पोळी आणि अर्धी वाटी भात कमी, आणि वाढलेलं ताट एकदाच. व्यायाम जोरात चालू झाला. ट्रेनरने पायांचा दिवस ठेवला. उठाबशा काय शाळेत पुष्कळ काढल्यात, अशा भ्रमात मी खांद्यावर नुसती दांडी घेऊन खाली बसलो. दुसऱ्या दिवशी काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी मांड्या अशा आंबल्या की जिना मी कठड्याला धरून उलटा, पाठमोरा उतरलो. आणि त्या सकाळी काटा आदल्या दिवशीपेक्षा सहाशे ग्रॅमने जास्त.

यातही चमत्कार नाही. सवय नसलेल्या स्नायूंना ताण दिला की त्यांच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. तिथे डागडुजी करायला शरीर रक्तपुरवठा वाढवतं, भोवती पाणी जमतं, किंचित सूज येते. घराचं काम काढलं की अंगणात वाळू, विटा, पाण्याचे पिंप येऊन पडतात, तसं. घराचं वजन केलंत तर त्या आठवड्यात ते वाढलेलंच भरेल. अंग आंबणं तीनचार दिवसांत ओसरतं. पण नवखा माणूस एक जागा बरी व्हायच्या आत दुसरी आंबवतो, त्यामुळे पहिले काही आठवडे अंगणात काही ना काही पडलेलंच असतं. शिवाय राबणारे स्नायू आपलं ग्लायकोजेनचं गोदामही मोठं करतात, म्हणजे परत पाणी आलं. मनुष्य घाम गाळतोय, जिभेला आवर घालतोय आणि काटा म्हणतोय, तू जाड झालास. जिम सोडून देणारे पुष्कळसे लोक याच सुमारास का सोडतात, ते मला तेव्हा समजलं.

आमच्या जिममध्ये एक गृहस्थ रेनकोटसारखा प्लॅस्टिकचा कोट घालून पट्ट्यावर पळतात. तासाभराने कोट काढतात तेव्हा बाहीतून पाणी ठिबकतं. मग ते काट्यावर उभे राहतात, सातआठशे ग्रॅम कमी झालेलं बघतात आणि समाधानाने खाली उतरून दोन ग्लास लिंबूसरबत पितात. त्यांच्या सुखात मी ढवळाढवळ केली नाही. आदल्या आठवड्यात मीही तोच कोट घालून फिरत होतो, फक्त माझा कोट भात न खाण्याचा होता.

काट्याच्या नादाला लागणारा मी पहिला नव्हे. इटलीत पाडुआला सँटोरिओ नावाचे एक वैद्य होते. त्यांनी छताला टांगलेल्या मोठ्या तराजूच्या दांडीला खुर्ची बांधली आणि तिच्यात बसून सुमारे तीस वर्षं स्वतःला जोखलं. जेवण्याआधी, जेवल्यानंतर, झोपून उठल्यावर. जे खाल्लं-प्यायलं तेही जोखलं आणि शरीराबाहेर जे पडलं तेही. 1614 साली त्यांनी पुस्तक छापलं. त्यात म्हटलं की दिवसात आठ पौंड पोटात गेले तर पाचेक पौंड नुसते अदृश्य होतात, घाम डोळ्यांना दिसत नसताना. आज आपण जाणतो की ते त्वचेवाटे आणि श्वासावाटे उडून जातं. मी रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर वजन करून पाहिलं. सातआठ तास घोरण्याखेरीज काही केलं नव्हतं आणि तरी अर्धा किलो गायब.

गंमत म्हणजे चरबीसुद्धा जाते ती याच वाटेने. चरबी वितळून घामातून येते असं मला वाटायचं. जिममधल्या बऱ्याच जणांना अजून वाटतं. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा हिशेब छापून आला. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातले 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासाबरोबर बाहेर पडतात आणि उरलेल्या 1.6 किलोंचं पाणी होतं. म्हणजे मी माझं पोट हळूहळू नाकावाटे सोडत असतो. पण म्हणून भराभर श्वास घेऊन ते लवकर जात नाही. आधी स्नायूंनी ती जाळायला हवी. आणि वेगाचं म्हणाल तर दिवसाला तीनशे कॅलरींची तूट ठेवली तर चरबी जाते चाळीसेक ग्रॅम, म्हणजे दोन बोरांएवढी. इकडे पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न मिळून आकडा दिवसाला किलो-दीड किलो हेलकावे खातो. समुद्राच्या लाटेवर होडी उभी करून भरती आली का ओहोटी हे होडीच्या उंचीवरून एका क्षणात ठरवायचं, तसा हा प्रकार.

तरीही हे सगळं माझ्या बुद्धीला पटलं होतं, मनाला नाही. मनाला पटलं ते लातूरच्या बाजार समितीत.

दसऱ्यानंतर गावी गेलो होतो. चुलतभावाचं सोयाबीन निघालं होतं. त्याच्याबरोबर मीही टेम्पोत बसून आडतीवर गेलो. मला वाटलं, पोती उतरवतील, काट्यावर घालतील, पैसे देतील. आडत्याने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने एका पोत्यात हात घातला, मूठभर दाणे काढले, दोन दाताखाली फोडले आणि बाकीचे एका डब्यासारख्या यंत्रात टाकले. आकडा आला 16.

"ओलावा जास्त आहे," आडत्या म्हणाला.

"दोन दिवस उन्हात टाकलं होतं की, मालक," भाऊ म्हणाला.

"आणखी दोन दिवस टाकायचं होतं."

परतताना मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "दादा, खरा माल बाराच्या ओलाव्याला धरतात. सोळा असला की क्विंटलमागं चार-साडेचार किलो नुसतं पाणीच. पाण्याचे पैसे कोण देईल?" मी मनाशी पडताळून पाहिलं. सोळा टक्के ओलावा म्हणजे शंभर किलोंत कोरडा माल 84. तोच बारावर आणला तर पोतं भरेल साडेपंच्याण्णव किलो. भावाचा हिशेब चोख होता. उन्हात वाळवलेल्या पोत्याचं वजन घटतं, पण दाणा एकही कमी होत नाही. पावसात भिजलेल्याचं वाढतं, पण दाणा एकही जास्त होत नाही. हे आमच्या घराण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त शहरात येऊन काचेचा काटा घेणारा मीच ते विसरलो होतो. ओलावा विचारल्याशिवाय वजनाला अर्थ नाही.

पुण्याला आल्यावर मी ट्रेनरला विचारलं, "आपल्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे का?" त्याला आधी कळेना. मग म्हणाला, "बॉडी फॅटचं मशीन आहे की." त्याच्यावर अनवाणी उभं राहून दोन दांडे हातात धरायचे. ते अंगातून अगदी हलका वीजप्रवाह सोडतं. पाण्याने भरलेल्या स्नायूंतून वीज सहज जाते आणि चरबीत अडखळते, त्या अडखळण्यावरून ते चरबीचा अंदाज बांधतं. सकाळी त्याने मला 29 टक्के सांगितले. त्याच संध्याकाळी, पाणी-बिणी पिऊन आल्यावर, 27.6. दिवसभरात मी एक किलोहून जास्त चरबी ऑफिसात सोडून आलो, असा त्याचा अर्थ. म्हणजे ओलाव्याने हे यंत्रही फसतं. वापरायचंच तर नेहमी एकाच वेळी, एकाच अवस्थेत वापरावं, आणि त्याच्या दशांशाला फार मान देऊ नये.

शेवटी आधार सापडला तो बायकोच्या शिवणाच्या डब्यात. दीड मीटरची पिवळी टेप, एका टोकाला उसवलेली. बेंबीच्या पातळीवर, साधा श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता, टेप कातडीला लागेल पण रुतणार नाही अशी. पाणी प्यायलं म्हणून कंबर एका रात्रीत तीन सेंटीमीटरने बदलत नाही. जड जेवणाने पोट फुगतं, ते खरं, म्हणून तेही सकाळीच मोजायचं, आठवड्यातून एकदा. काटा मी टाकून दिला नाही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच्यावर उभा राहतो आणि आकडा कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहितो. पण एका दिवसाच्या आकड्याशी बोलत नाही. रविवारी सातही आकड्यांची बेरीज करून सातने भागतो आणि ती सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशेजारी ठेवतो. पुरणाचा सोमवार आणि उपासाचा शनिवार त्यात एकमेकांना खाऊन टाकतात.

आठ आठवड्यांनी, दिवाळीचा फराळ धरून, हिशेब असा निघाला. पहिल्या दिवशीचं वजन 81.6, आठव्या आठवड्याची सरासरी 80.9. म्हणजे दोन महिन्यांत सातशे ग्रॅम. लिफ्टमध्ये सांगण्यासारखं काही नव्हतं. पण कंबर 98 वरून 95 वर आली होती आणि पट्टा एक भोक आत गेला होता. दांडीवर दोन्ही बाजूंना दहा-दहा किलो लावून उठाबशा काढल्या तरी मी सरळ जिना उतरत होतो.

हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात कसे? चकली-लाडूंची भरपाई धरूनही माझी तूट दिवसाला सरासरी अडीचशे कॅलरींची असावी. 56 दिवसांच्या झाल्या 14,000. भागिले 7,700. चरबी गेली सुमारे 1.8 किलो. पण वजन उतरलं 700 ग्रॅम. मधला 1.1 किलो आला कुठून? थोडा नवीन स्नायू, थोडं त्या स्नायूंचं मोठं झालेलं गोदाम आणि त्यातलं पाणी. यातला नेमका किती कोणता, हे माझ्या टेपला सांगता येत नाही. पण चरबी स्नायूपेक्षा जागा जास्त अडवते. एक किलो चरबी सुमारे 1.1 लीटर भरते, तेवढ्याच वजनाचा स्नायू लीटरला थोडा कमी. आणि माझी चरबी मुक्काम करून होती पोटावर, तर स्नायू आला मांड्या, पाठ आणि खांद्यांना वाटून. काट्याने जमा आणि खर्च एकत्र करून फक्त शिल्लक दाखवली होती. टेपने खर्चाची बाजू वेगळी दाखवली.

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राने त्याच सुमारास फक्त फळं आणि सूप घेऊन महिन्यात सहा किलो उतरवले. व्यायाम शून्य. काट्याच्या दरबारात तो राजा आणि मी हमाल. पण पाणी वगळूनही, नुसतं खाणं तोडून जे वजन जातं त्यातला साधारण पाव हिस्सा चरबी नसतो, त्यात स्नायूही असतो. डाळी-दूध-अंड्यांचा पत्ता नसेल तर आणखीच. काट्याला तो तोटा दिसत नाही, उलट त्याचंही तो कौतुक करतो. मित्राचा चेहरा ओढल्यासारखा झाला आणि पोट मात्र हट्टाने जागेवर होतं. महिना संपल्यावर तो पुन्हा जेवायला लागला. जे परत आलं ते बहुतेक चरबी म्हणूनच आलं असेल, कारण स्नायू मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

वजन सारखं आणि माल वेगळा, याचा सर्वांत बोलका दाखला तर आमच्या पुण्यातलाच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन, दोघांनी शेजारी उभं राहून फोटो काढला आणि 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंचीच्या मानाने वजन किती याचा बीएमआय नावाचा आकडा दोघांचा अगदी सारखा, 22.3. दोघंही सडसडीत. आणि शरीरातली चरबी? युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. दुपटीहून जास्त. भारतीय शरीर बारीक दिसून आतून चरबी बाळगतं, हे डॉ. याज्ञिक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःचंच पोतं उघडून ओलावा दाखवला. आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि बाईची 80 च्या आत असावी म्हणतात, ते यासाठीच. तेव्हा माझ्या 95 चा अभिमान मी आवरता घेतला.

आणि एक कबुली. हे ज्ञान फार सोयीचं आहे. तिसऱ्या महिन्यात माझी सरासरी तीन आठवडे हलली नाही. मी बायकोला सांगितलं, स्नायू वाढताहेत. ती म्हणाली, "टेप आण." कंबर 95 वर ठाम होती. नवख्या माणसाचा स्नायू महिन्याला फार तर अर्धा-एक किलो वाढतो, तोही तरुण असेल आणि नीट खात असेल तर. माझ्या वयाला त्याहून कमी. पाण्याची सूज आठवड्यांत ओसरते. तीनचार आठवडे सरासरीही जागच्या जागी आणि टेपही जागच्या जागी, तर तिथे ग्लायकोजेन नाही, आंबलेल्या मांड्या नाहीत. तिथे सकाळच्या चहाबरोबरच्या चार खारी आहेत, ज्यांचा मी हिशेबात उल्लेख केला नव्हता. काटा भोळा असतो, पण माणूस भोळा नसतो.

परवा भावाचा फोन आला. या वर्षी सोयाबीन चार दिवस वाळवलं, आडत्याने यंत्रात टाकलं तर साडेअकरा आलं म्हणाला. पोती हलकी भरली पण भाव पुरा मिळाला. मग त्याने विचारलं, "दादा, तुमचं जिमचं काय? किती उतरलं?"

सवयीने माझ्या तोंडात किलोंचा आकडा आला होता. तो गिळून मी म्हणालो, "पट्ट्याचं दुसरं भोक."

"मग वाळलाय चांगले," तो म्हणाला.